फॅन आर्टमध्ये मूळ पात्राचं काय आणि चित्रकाराचं काय? हात्सुने मिकूच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादं फॅन आर्ट समोर आलं की नेमकं काय वेगळं काढायचं असतं?

एकाच चित्रात किमान दोन जणांचं काम असतं. पात्र कसं दिसतं हे कोणीतरी आधी ठरवलेलं असतं: केस, पोशाख, रंग, एखादी खूण. मग दुसऱ्या कोणीतरी ते पात्र आपल्या हाताने, आपल्या मनाप्रमाणे काढलेलं असतं. चित्र दाखवणारा बहुतेकदा एवढंच म्हणतो, "ही मिकू बघा." पाहणाऱ्याला वाटतं की समोर दिसणारं सगळंच मिकूचं. तिच्या गालावरचे ठिपके, हातातली वस्तू, कपड्यांवरची नक्षी, यांतलं काहीही या चित्रकाराने पहिल्यांदाच आणलेलं असू शकतं, पण ते त्याच्या नावावर जमा होत नाही. उलटंही घडतं. चित्रकाराने मूळ डिझाइन जसंच्या तसं काढलेलं असतं आणि लोक "काय सुंदर पोशाख सुचलाय" म्हणून त्याला श्रेय देतात.

मी इथे सगळी उत्तरं एकाच पात्राच्या आधाराने देणार आहे, ते म्हणजे हात्सुने मिकू. तिचं मूळ डिझाइन कोणाचं, कधीचं, हे स्पष्ट आहे. तिच्यावर चाहत्यांनी अफाट काम केलंय. आणि चाहत्यांचं काम पुन्हा अधिकृत होऊन मूळ पात्रात मिसळल्याची उदाहरणंही तिच्याबाबतीत स्वच्छ दिसतात.

मिकूचं मूळ डिझाइन म्हणजे नेमकं कुठलं?

३१ ऑगस्ट २००७ रोजी जपानमधल्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने गाणं गाऊ शकणारं एक सॉफ्टवेअर बाजारात आणलं. त्याच्या खोक्यावर चित्रकार केई यांनी काढलेली मुलगी होती. तीच मिकू. केईंना रंगांसाठी आधार दिला होता यामाहाच्या सिंथेसायझरचा, म्हणूनच तिच्या अंगावर काळा, करडा आणि हिरवट निळा हेच रंग प्रामुख्याने दिसतात.

त्या डिझाइनमध्ये काय आहे ते एकदा नीट मोजून घेऊ, कारण पुढची सगळी तुलना यावरच आहे. हिरवट निळ्या केसांच्या दोन लांब शेपट्या, गुडघ्यांच्या बऱ्याच खाली जाणाऱ्या. त्या बांधायला काळ्या-गुलाबी चौकोनी पट्ट्या. कानांवर हेडसेट आणि त्याचा माइक. बिनबाह्यांचा करडा शर्ट, हिरवट निळा टाय. खांद्याला न जोडलेल्या, दंडापासून सुरू होणाऱ्या काळ्या सुट्या बाह्या. काळा चुण्यांचा स्कर्ट, मांडीपर्यंतचे काळे बूट. आणि डाव्या दंडावर लाल रंगात 01, कारण क्रिप्टनच्या कॅरेक्टर व्होकल सिरीज या मालिकेतली ती पहिली.

वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४२ किलो, गाण्याचा आवाका आणि वेग, एवढीच माहिती क्रिप्टनने दिली. स्वभाव दिलाच नाही. हे फार महत्त्वाचं आहे. चित्रातली मिकू लाजरी असो, भांडखोर असो किंवा उदास असो, तो भाव मूळ डिझाइनमधून आलेला असूच शकत नाही. तो नेहमीच कोणाचा तरी अर्थ लावणं असतं.

म्हणजे मूळचं आणि चित्रकाराचं, असे दोनच कप्पे करायचे?

इथेच बहुतेकांची चूक होते, आणि माझीही झाली होती. कप्पे तीन लागतात.

मिकूच्या हातातली कांद्याची पात घ्या. जपानी नेगी, जाड पांढऱ्या दांड्याची. मी बरीच वर्षं समजत होतो की ती केईंच्या चित्रातच आहे, आणि काही मित्रांना चित्रं दाखवताना तसं ठामपणे सांगितलंही होतं. खोक्यावरच्या चित्रात पात कुठेच नाही. सॉफ्टवेअर आल्यावर काही दिवसांतच, सप्टेंबर २००७ मध्ये, एका चाहत्याने तिच्याकडून एक फिनिश पोल्का गाऊन घेतली आणि त्या व्हिडिओत छोट्या, गोलमटोल मिकूच्या हातात गरगर फिरणारी पात दिली. ती कल्पनाही त्याआधी इंटरनेटवर फिरत असलेल्या दुसऱ्याच एका पात्राच्या व्हिडिओवरून आली होती. लोकांना ती इतकी आवडली की पुढे क्रिप्टनच्या परवानगीने निघालेल्या खेळण्यांत आणि खेळांतही पात आली.

मग आज कोणी मिकूच्या हातात पात काढली, तर ती कोणाची? केईंची नाही. या चित्रकाराचीही नाही. ती चाहत्यांच्या सामायिक परंपरेची आहे. म्हणून मधला कप्पा लागतो: मूळ डिझाइननंतर आलेलं, पण या चित्राच्या आधीच रूढ झालेलं. या कप्प्यातल्या गोष्टी ओळखता आल्या तर अर्धं काम झालं, कारण सर्वांत जास्त गोंधळ त्यांच्याबद्दलच होतो.

अधिकृत रूपंसुद्धा अनेक आहेत. मग तुलना कुठल्या रूपाशी करायची?

चित्रात जे रूप दिसतंय त्याच्याशी. हे सोपं वाटतं, पण त्यासाठी अधिकृत रूपं किती आहेत याचा अंदाज हवा. २०१० मध्ये अपेंड नावाची आवृत्ती आली, तिच्यात पोशाख पार बदलला. २०१३ च्या आणि २०१६ च्या आवृत्त्यांतही मूळ पोशाखाची नवी रूपं आली, आणि ती केईंनी काढलेली नाहीत. शिवाय गाण्याच्या तालावर खेळायच्या खेळांत तिचे असंख्य पोशाख आहेत. त्या मालिकेत त्यांना मॉड्यूल म्हणतात, आणि त्यांच्यामागेही वेगवेगळे चित्रकार आहेत.

समजा तुमच्यासमोर फिकट, जवळजवळ पांढऱ्या केसांची, बर्फाच्या नक्षीची मिकू आली. "चित्रकाराने केसांचा रंग बदलला" असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. पण २०१० पासून दरवर्षी स्नो मिकू नावाचं हिवाळी रूप येतं. ते अधिकृत आहे आणि त्याचा पोशाख दर वर्षी नवा असतो. बदल चित्रकाराने केलेलाच नसतो, त्याने फक्त दुसऱ्या अधिकृत रूपावर चित्र काढलेलं असतं.

यात आणखी एक पदर आहे. पुढच्या काळात स्नो मिकूचे पोशाख चाहत्यांनी पाठवलेल्या रेखाटनांतून निवडले जाऊ लागले. म्हणजे अधिकृत पोशाखाचं श्रेय मुळात एका चाहत्याचंच. त्यामुळे मी "अधिकृत" आणि "मूळ" हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाही. अधिकृत म्हणजे कंपनीने मान्य केलेलं. मूळ म्हणजे पहिल्यांदा ज्याने आखलं त्याचं.

एक चित्र घेऊन दाखवाल का?

उदाहरण म्हणून असं चित्र धरू. संध्याकाळचा समुद्रकिनारा. हिरवट-तपकिरी दिसणाऱ्या केसांच्या दोन लांब शेपट्यांची मुलगी पाण्यात उभी. शेपट्यांना काळ्या-गुलाबी चौकोनी पट्ट्या. हेडसेट नाही. अंगात खलाशी कॉलरचा पांढरा फ्रॉक, पाय उघडे. उजव्या दंडावर लाल 01, सरळ वाचता येणारं. हातात कांद्याची पात. गालांवर बारीक तपकिरी ठिपके. चेहरा मोठ्या, ओलसर डोळ्यांचा, रेषा जवळजवळ नाहीतच, सगळं रंगांच्या थरांनी केलेलं.

सुरुवात नेहमी खुणांपासून करावी, पोशाखापासून नाही. शेपट्या, चौकोनी पट्ट्या आणि 01, या तीन गोष्टी केईंच्या. त्यांच्यामुळेच ही मिकू आहे हे कळतं. पात मधल्या कप्प्यात गेली.

आता केसांचा रंग. तो बदललाय का? हे ठरवायला केसांकडे बघून उपयोग नाही, पांढऱ्या फ्रॉककडे बघायला हवं. फ्रॉक पांढरा न दिसता नारिंगी झाक मारत असेल, पाण्याचा फेसही तसाच दिसत असेल, तर मावळतीचा उजेड सगळ्यावर पडलाय. त्या उजेडात हिरवट निळा रंग मळकट हिरव्या-तपकिरीकडे झुकतोच. म्हणजे केस तेच आहेत, उजेड चित्रकाराचा आहे. फ्रॉक स्वच्छ पांढरा असता आणि केस तेवढे तपकिरी, तर मात्र तो डिझाइनमधला बदल म्हणून नोंदवला असता. सावलीतला भागही बघावा. उजेडाचा परिणाम असेल तर सावलीत मूळ रंग बराचसा परत येतो.

01 उजव्या दंडावर आहे. मूळ डाव्या. चित्र आरशासारखं उलटवलं गेलं असेल का? तसं असतं तर आकडेही उलटे दिसले असते. ते सरळ आहेत, म्हणजे चित्र उलटलेलं नाही, खूणच दुसऱ्या हातावर काढली गेलीय. ही चूक की निवड, ते चित्रावरून सांगता येत नाही. मी अशा वेळी "खूण उजव्या दंडावर" एवढंच लिहितो, कारण सांगत नाही. डावं-उजवं ठरवताना एक काळजी घ्या: मिकू आपल्याकडे तोंड करून उभी असेल तर तिचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो. घाईत इथे सारखी गफलत होते.

फ्रॉक उरला. केईंच्या डिझाइनमध्ये तो नाही. पण लगेच चित्रकाराला देऊन टाकू नये. आधी खेळांतले मॉड्यूल आणि प्रसिद्ध गाण्यांसोबतची चित्रं चाळावीत, कारण काही मॉड्यूल तशा गाण्यांच्या चित्रांवरूनच घडलेली आहेत. खलाशी कॉलरवरची पट्टी, बटणांची संख्या, गाठ कुठे आहे, असं दोन-तीन ठिकाणी तंतोतंत जुळलं तर तो पोशाख उचललेला आहे. नुसता "पांढरा फ्रॉक" जुळणं म्हणजे काहीच नाही. समजा, कुठेच जुळला नाही. मग फ्रॉक या चित्रकाराचा. गालांवरचे ठिपके त्याचे. हेडसेट काढून टाकणं हाही त्याचाच निर्णय. काय गाळलं हेही नोंदवायला विसरू नये, ते काय घातलं याइतकंच बोलकं असतं.

आणि ते ओलसर डोळे, रेषा नसणं, रंगांचे थर? ते पूर्णपणे चित्रकाराचं आहे, पण डिझाइन या सदरात नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न.

चित्रशैली आणि डिझाइन यांत फरक कसा करायचा?

मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: हीच मिकू दुसऱ्या चित्रकाराला शब्दांत सांगून काढायला लावली, तर ही गोष्ट सांगावी लागेल का? "हेडसेट नाही, गालांवर ठिपके आहेत" हे सांगावं लागेल. ते डिझाइन. "डोळे ओलसर वाटतात, कडा विरघळतात" हे सांगून दुसऱ्याच्या हातून तसंच येणार नाही. ती शैली.

शरीराची प्रमाणंसुद्धा बहुतेक वेळा शैलीतच मोडतात. डोकं मोठं आणि सगळं अंग मिळून दोन-तीन डोक्यांइतकं, अशा चिबी मिकूला कोणी "बुटकी मिकू" म्हणून वेगळं डिझाइन मानत नाही. मात्र अंगात यंत्राचे सांधे काढले, किंवा ती पन्नाशीची दाखवली, तर तो डिझाइनमधला बदल आहे.

रंग तपासायला रंगाचा कोड वापरला तर चालेल?

मदत म्हणून. मिकूचा रंग म्हणून चाहत्यांत #39C5BB हा कोड प्रसिद्ध आहे. त्यातला ३९ लोकांना विशेष आवडतो, कारण जपानीत तीनला मि आणि नऊला कु म्हणता येतं. पण चित्रातून रंग उचलून या कोडशी ताडला तर जवळजवळ कधीच जुळणार नाही. उजेड, सावली, फाइल जतन करताना होणारी घट, पडद्याची मांडणी, सगळंच मधे येतं. कोडपेक्षा शेजारचे रंग पाहणं भरवशाचं.

पडताळायला मूळ चित्र शोधलं तर पहिल्यांदा चाहत्यांचीच चित्रं समोर येतात. मग?

हे फार होतं, आणि बहुतेक चुकीच्या नोंदींचं मूळ हेच आहे. पात्राचं नाव टाकून शोधलं की सर्वांत जास्त पसरलेलं चित्र वर येतं, सर्वांत जुनं नाही. त्या चित्रातला चाहत्याने घातलेला बदल मग "मूळ" म्हणून तुलनेत शिरतो.

उपाय कंटाळवाणा असला तरी एकच आहे. ज्यांनी पात्र बाजारात आणलं त्यांच्याच पानावरचं किंवा खोक्यावरचं चित्र घ्यायचं, त्यावरचं वर्ष बघायचं आणि ते एकदाच जतन करून ठेवायचं. मिकूसाठी माझ्याकडे अशी चारच चित्रं आहेत, एकेका आवृत्तीचं एक. त्यांच्याबाहेरचं काहीही मी "मूळ" म्हणून वापरत नाही.

समोरच्या फॅन आर्टचा चित्रकार शोधायला चित्रावरूनच शोध घ्यावा. कोपऱ्यातली सही कापली गेली असेल तर चित्राची सर्वांत मोठी, न कापलेली प्रत सापडेपर्यंत थांबू नये.

बदल इतके केलेत की ओळखूच येत नाही. तरी ती मिकूच?

ऑगस्ट २०२४ मध्ये ब्राझिलियन मिकूची लाट आली. तिथून सुरू होऊन जगभरच्या चित्रकारांनी तिला आपापल्या देशाच्या कपड्यांत काढलं. त्वचेचा रंग, केसांचा पोत, पोशाख, दागिने, सगळं बदललं. तरी हजारो चित्रांत ती ओळखू येत होती ती मुख्यतः दोन लांब शेपट्या आणि त्यांचा रंग यांच्यामुळे. कुठल्याही पात्रात असा एक छोटा गाभा असतो. तो हाताने झाकून पाहा. उरलेल्यावरून पात्र ओळखता येत नसेल, तर ओळख त्या गाभ्यात होती.

पण गाभ्यासारखं काही दिसलं म्हणजे ते पात्र तेच, असंही नाही. डिसेंबर २००७ मध्ये हुके या चित्रकाराने दोन काळ्या शेपट्यांची, डोळ्यात निळी ज्वाळा असलेली एक मुलगी काढली: ब्लॅक रॉक शूटर. पुढे तिच्यावरचं गाणं मिकूच्याच आवाजात आलं, आणि असंख्य लोकांनी ती मिकूचंच एक रूप असल्याचं धरून चाललं. ती मिकू नाही, हुकेंचं स्वतंत्र पात्र आहे. इथे चित्रात कितीही पाहिलं तरी उत्तर मिळत नाही. निर्मात्याने तिला काय नाव दिलं, एवढ्यावरच ते ठरतं.

दुसऱ्या चाहत्याच्या नव्या डिझाइनवरून कोणी चित्र काढलं असेल तर?

मग साखळी तीन कड्यांची झाली आणि तिन्ही नावं हवीत. लोक पहिलं आणि शेवटचं लिहितात, मधला गळतो. ब्राझिलियन मिकूच्या वेळी हे वारंवार दिसलं. एका चित्रकाराने आखलेला पोशाख, अगदी कानातल्यांच्या आकारासकट, दुसऱ्यांनी काढला आणि पाहणाऱ्यांनी श्रेय दुसऱ्यांना दिलं. ओळखायची खूण वर फ्रॉकच्या बाबतीत सांगितली तीच: कल्पना जुळणं पुरेसं नाही, बारकावे दोन-तीन ठिकाणी जुळायला हवेत.

नोंदीत हे सगळं लिहायचं कसं?

थोडक्यात. वरच्या काल्पनिक चित्रासाठी मी असं लिहीन:

"हात्सुने मिकू (क्रिप्टन फ्यूचर मीडिया, मूळ डिझाइन केई, २००७). चित्र: अमुक. खलाशी फ्रॉक आणि गालांवरचे ठिपके चित्रकाराचे; हेडसेट वगळलेला; 01 उजव्या दंडावर. कांद्याची पात चाहत्यांच्या परंपरेतली."

मोठ्या अ‍ॅनिमे चित्रसंग्रहांत यासाठी टॅग असतात. पात्र, मूळ कलाकृती आणि चित्रकार यांचे रकाने वेगळे असतात. शिवाय `alternate_costume` म्हणजे पोशाख नेहमीचा नाही, आणि `official_alternate_costume` म्हणजे बदललेला पोशाखही अधिकृतच आहे. हे दोन टॅग आलटून पालटून लावले जातात, तेव्हा चित्रकाराचं काम कंपनीच्या खात्यात जातं किंवा कंपनीचं चित्रकाराच्या.

क्रिप्टनने मिकूची चित्रं वापरायला मोकळीक दिली आहे ना? मग चित्रकाराला वेगळं कशाला विचारायचं?

मोकळीक आहे ती मूळ पात्राबद्दल. डिसेंबर २०१२ मध्ये क्रिप्टनने आपली मूळ चित्रं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली खुली केली, ज्यात नाव द्यावं लागतं आणि धंद्यासाठी वापरता येत नाही. चाहत्याने काढलेलं चित्र त्यात आपोआप येत नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या चित्रातली मिकू क्रिप्टनची, पण तो फ्रॉक, तो उजेड आणि ते चित्र चित्रकाराचं. ते पुढे वापरायचं तर त्यालाच विचारावं लागेल.

एखादी गोष्ट कुठल्या कप्प्यातली हे शोधूनही कळलं नाही तर?

"मूळ डिझाइनमध्ये नाही" एवढं लिहावं आणि थांबावं. हे वाक्य जवळच्या चार चित्रांवरून खात्रीने लिहिता येतं. "चित्रकाराची कल्पना" हे लिहायला मात्र ती गोष्ट आधी कुठेच नव्हती हे माहीत असावं लागतं, आणि ते क्वचितच असतं. शक्य असेल तिथे मी सरळ चित्रकारालाच विचारतो. बहुतेक जण आनंदाने सांगतात, आणि कधी कधी तेच सांगतात की ही कल्पना त्यांनी दुसऱ्या कोणाच्या चित्रात पाहिली होती.